फोटो एक, लग्न एक आणि वाईचं घर

ताई,
डिसेंबरात सांगलीला माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं. गोरज मुहूर्त होता, 6 वाजून 24 मिनिटांचा. आम्ही सात नातवंडं. मी ठाण्याला, माझा भाऊ बंगळुरूला, मोठी मावशी आणि तिची मुलगी इंदूरला, मामा आणि मामेभाऊ नागपूरला, मामेबहीण पुण्याला. मावशीचा मुलगा, आमचा दादा, मेलबर्नला असतो. त्याला सुट्टी मिळाली नाही. त्याने व्हिडिओ कॉलवर लग्न पाहिलं आणि अक्षता म्हणून तिथले तांदूळ फोनवर टाकले. आजी 84 वर्षांची, मामाकडे असते, तीही गाडीने आली. याआधी आम्ही सगळे एकत्र होतो ते 2017 मध्ये, आजोबा गेले तेव्हा. त्यानंतर वाईचं घर विकलं. स्टेजवरचा सगळ्यांचा एक फोटो मला इन्स्टाग्रामवर टाकायचा आहे. दोन आठवडे झाले, ओळी सुचत नाहीत. एकदा लिहिलं, 'सहा शहरं, एक कुटुंब, एक लग्न!' दुसऱ्यांदा सगळ्यांची नावं आणि आजोबांची आठवण लिहिली, तर ते भलतंच लांबलं आणि वाचून रडूच आलं. लग्नाबद्दल लिहू की आमच्या भेटीबद्दल? आजोबांचं लिहू का? दादाचं काय करू?
— एक करवली, ठाणे

प्रिय करवली,

सही करताना तू स्वतःचं नाव लिहिलं नाहीस, लग्नातलं काम लिहिलंस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सहीतच दिसलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्याकडच्या लग्नात नातेवाईक नुसते हजर राहत नाहीत. नात्यागणिक कामं ठरलेली असतात आणि ती त्या त्या नात्यानेच करायची असतात. नवरीला बोहल्याशी आणायचं ते मामाने. नवरदेवाचा कान पिळायचा तो नवरीच्या भावाने, आणि लाजाहोमाच्या वेळी तिच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्याही त्यानेच. तिच्या मागे करा आणि दिवा घेऊन उभी राहते ती करवली. घाणा भरायला सुवासिनी लागतात, त्यात थोरल्या मावशीचा मान पहिला. यातलं कोणी गावात नसेल तर त्याला दूरवरून यावं लागतं, कारण ते काम दुसऱ्या कोणाच्या नावावर नसतं. म्हणजे तुमची भेट आणि ते लग्न या मुळात दोन गोष्टी नाहीतच. मामा नागपूरहून आला तो नवरीला आणायला. तुझा भाऊ बंगळुरूहून आला, कारण नवरी एकुलती एक असेल तर कान पिळायला मावसभाऊच हवा. (ती एकुलती एक आहे हे मी तुझ्या हिशोबावरून धरलं आहे: मावशीची दोन, मामाची दोन, तुम्ही दोघं, आणि सातवी ती.)

म्हणून माझं सांगणं असं की शहरांची यादी करू नकोस, कामांची कर. शहर त्या कामाच्या मागून आपोआप येईल.

'सहा शहरं, एक कुटुंब, एक लग्न' ही ओळ तुला पटली नाही, आणि तुझा कान बरोबर आहे. त्या ओळीत सांगली नाही, मामा नाही, आजी नाही. ती शेजारच्या हॉलमधल्या लग्नाच्या फोटोखाली चिकटवली तरी तितकीच शोभेल. शिवाय तीत लग्न सगळ्यात शेवटी आलं आहे, आणि नवरा-नवरी तर कुठेच नाहीत. फोटोच्या मधोमध मुंडावळ्या बांधून जी दोघं उभी आहेत त्यांची नावं ओळीत नसणं, हे अशा मजकुरात सर्रास होतं. आपण आपल्या माणसांना भेटल्याच्या आनंदात असतो आणि नवरदेव आपल्यासाठी अजून नवखा असतो. पण तो फोटो त्याच्या घरचेही पाहणार आहेत. नव्या सोयऱ्यांनी वाचलेला तुमच्या घरचा तो पहिला मजकूर असेल. त्यात त्यांच्या मुलाचं नाव नसेल तर कोणी बोलून दाखवणार नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहील.

तेव्हा पहिल्या ओळीत दोघांची नावं. याला आणखी एक साधं कारण आहे. इन्स्टाग्रामवर मजकूर 2,200 अक्षरांपर्यंत चालतो, पण फोटोखाली आधी दिसतात त्या जेमतेम एक-दोन ओळी, बाकीचं दाबल्याशिवाय उघडत नाही. बरेच जण उघडत नाहीत. जे उघडणार नाहीत त्यांना त्या पहिल्या ओळीतच लग्न कोणाचं आणि गर्दी कसली हे दोन्ही कळलं पाहिजे.

ती ओळ शोधताना माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'आजोळ'. 'आणि आजोळ पुन्हा भरलं.' फार सुंदर शब्द आहे, आणि एका शब्दात घर, सुट्ट्या, आजी-आजोबा सगळं येतं. पण मग मामाची दोन मुलं आठवली. तुझं, तुझ्या भावाचं, इंदूरच्या दोघांचं आणि नवरीचं ते आजोळ. मामाच्या मुलांचं मात्र ते स्वतःचं घर होतं, त्यांचं आजोळ वेगळंच असणार. सातांपैकी दोघांना बाहेर ठेवणारा शब्द सातांच्या फोटोखाली नको. 'वाई' मात्र सगळ्यांची आहे. म्हणून मी असं लिहीन:

'(तिचं नाव) आणि (त्याचं नाव) यांचं सांगलीत लग्न लागलं, आणि वाईचं घर पुन्हा भरलं.'

घर विकल्याचं यात नाही, आणि ते कुठेही येऊ देऊ नकोस. जुनं घर विकलं जातं तेव्हा सही कोणाची तरी असते, बहुधा मामाची, आणि ती त्याने सुखाने केलेली नसते. 'आता ते घर राहिलं नाही' असं तू हळवेपणाने लिहिशील आणि नागपूरला मामा ते वेगळ्याच अर्थाने वाचेल. ज्याने नवरीला हाताला धरून आणलं त्याला लग्नाच्या फोटोखाली हे वाचायला लागू नये.

आता आजोबा. त्यांचं लिही, जरूर लिही, पण 2017 लिहू नकोस. 'याआधी भेटलो ते आजोबा गेले तेव्हा' हे वाक्य खरं आहे, आणि तुला रडू आणलं ते यानेच. ते तुम्हा भावंडांनी रात्री गप्पा मारताना एकमेकांना म्हणावं असं वाक्य आहे. मंगलकार्याच्या फोटोखाली ते आलं की वाचणाऱ्याचं लक्ष नवरीवरून उठतं आणि त्या दिवसावर जाऊन बसतं. गेलेल्या माणसांना लग्नात बोलवायची रीत आपल्याकडे आहेच. कार्याच्या आधी नांदीश्राद्ध करतात ते पितरांचे आशीर्वाद घेण्यासाठी. आणि पत्रिकेत काय छापतात ते आठव: 'कै. अमुक यांची नात'. त्यात ते कधी गेले, कसे गेले याचा उल्लेख नसतो. फक्त नातं असतं, आणि ते नातं माणूस गेल्यावरही चालूच आहे असं ते वाक्य धरून चालतं. तूही तेच कर. 'ती आमच्या आजोबांची सर्वांत धाकटी नात.' एवढंच. ज्यांना ते आठवतात त्यांना तेवढ्याने पुरेसं आठवेल. (सर्वांत धाकटी तीच आहे ना, हे एकदा बघून घे. नसेल तर नुसतं 'नात'.)

पुढचा भाग कामांचा. इथे सगळ्यांना माहीत असलेली एक आरोळी तुला आयती मिळाली आहे. गुरुजी माइकवरून म्हणतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' प्रत्येक लग्नात ऐकलेलं वाक्य, पण तुमच्या बाबतीत त्यात एक जादा अर्थ आहे. नवरी मावसबहीण, म्हणजे तिचा मामा तोच तुझा मामा, तोच इंदूरच्या दोघांचा मामा. गुरुजींनी पुकारलं ते तुम्हा पाच भाचरांच्या एकाच मामाला. हे वाक्य जसंच्या तसं अवतरणात टाक, त्याखाली एकेकाचं काम येऊ दे.

'मामा आला' लिहायचं की 'मामा आले', हा प्रश्न तुला पडेल. घरी त्याला 'अरे मामा' म्हणत असशील तर 'आला'च लिही. पत्रात तू त्याच्याबद्दल 'मामाकडे' असं लिहिलं आहेस, 'मामांकडे' नाही, त्यावरून मी एकेरीच धरते. सोयऱ्यांनी वाचलं तरी हरकत नाही, 'आमचा मामा' म्हटलं की त्यातली माया कळते. गुरुजींच्या तोंडी आदरार्थी, तुमच्या तोंडी एकेरी, हा फरकच छान वाटेल. आजीचंही तसंच. घरी जसं बोलता तसं.

आजीचा प्रवास दोन-चार शब्दांत का होईना यायला हवा. नागपूरहून सांगलीला महाराष्ट्र एक्स्प्रेसने यायचं म्हणजे सुमारे अख्खा दिवस गाडीत. 84 वर्षांच्या बाईने तो प्रवास केला यात कौतुकाचं विशेषण घालायची गरज नाही. तू फक्त वय आणि गाडी लिही. ती दुसऱ्या गाडीने आली असेल तर त्या गाडीचं नाव लिही. पण नाव असू दे, 'लांबचा प्रवास करून' असं मोघम नको.

आणि दादा. न आलेल्या माणसाबद्दल दोन चुका होतात. एक, 'तुझी खूप आठवण आली' असं लिहिणं. त्याने तो आला नाही हेच चारचौघांत अधोरेखित होतं आणि त्याला पुन्हा सुट्टीचं कारण सांगत बसावं लागतं. दुसरी, 'सातपैकी सहा' अशी मोजणी. आकडा आला की उणा कोण हे शोधलं जातंच. तो तर उणा नव्हताच, हे तुझ्याच पत्रात आहे. डिसेंबरात मेलबर्नचं घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास असतं. सांगलीत 6 वाजून 24 मिनिटं म्हणजे त्याच्याकडे रात्रीचे 11 वाजून 54 मिनिटं. मध्यरात्रीला सहा मिनिटं असताना एक माणूस स्वयंपाकघरात जाऊन डब्यातले तांदूळ हातात घेतो आणि 'सावधान'ला फोनवर टाकतो. अक्षता टाकणं हेही लग्नातलं कामच आहे, आणि त्याने ते केलं. म्हणून तो वेगळ्या, हळव्या ओळीत शेवटी न येता इतरांच्या रांगेतच यावा.

हे सगळं जोडून मी असं लिहिलं आहे. नावं आणि तपशील तुझे तू भर, चुकलं असेल ते बदल:

'(तिचं नाव) आणि (त्याचं नाव) यांचं सांगलीत लग्न लागलं, आणि वाईचं घर पुन्हा भरलं.
ती आमच्या आजोबांची सर्वांत धाकटी नात.
घाणा भरायला मावशी इंदूरहून आली. गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि नागपूरचा आमचा मामा तिला घेऊन आला. मागे दोन करवल्या, एक पुण्याची, एक ठाण्याची. कान पिळायला भाऊ बंगळुरूहून. आजी 84 वर्षांची, महाराष्ट्र एक्स्प्रेसने. मेलबर्नला बारा वाजायला सहा मिनिटं होती, दादाने तिथल्या डब्यातले तांदूळ फोनवर टाकले.
वाईची कृष्णा पुढे सांगलीलाच येते.'

शेवटची ओळ मी विचार करून ठेवली आहे. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, वाईच्या घाटावरून, कराडवरून सांगलीला येते. लहानपणी सुट्टीत ढोल्या गणपतीपाशी ज्या पाण्यात पाय सोडून बसला असाल तेच पाणी खाली वाहत या लग्नाच्या गावाला आलं आहे. ही ओळ फक्त तुमचीच आहे; लग्न सोलापूरला झालं असतं तर लिहिता आली नसती. तुला ती जड वाटली तर काढ, मजकूर दादाच्या तांदळांवर थांबला तरी चालेल. मात्र तिच्यापुढे 'कुटुंब म्हणजेच सर्वस्व' असलं काही जोडू नकोस.

एक गोष्ट यात राहिली ती तुझ्या लक्षात आली असेल. मामेभाऊ आणि इंदूरची बहीण यांचं काम मी लिहिलेलं नाही, कारण तू सांगितलं नाहीस. नवरीची आई, म्हणजे यजमानीणबाईच, त्याही नाहीत. त्यांनी काय केलं ते आठव. कोणी गाड्या सांभाळल्या असतील, पंगतीत मठ्ठा वाढला असेल, रुखवत मांडलं असेल. एकेक लहान वाक्य येऊ दे. खरंच काही खास केलं नसेल तर ओढूनताणून लिहू नकोस, त्यांची सोय मी पुढे सांगते तिथे होते.

सगळ्यांची नावं असलेला जो लांबलचक मजकूर तू लिहून बाजूला ठेवलास तो टाकून देऊ नकोस. त्याची जागा इन्स्टाग्रामवर नाही, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. बाहेरच्या माणसाला तेवीस नावं म्हणजे यादी, पण घरच्यांसाठी तीच खरी नोंद असते. माझ्या आजीच्या ट्रंकेत एका लग्नाचा काळा-पांढरा फोटो आहे. तीन रांगा, पुढे सतरंजीवर मुलं, आणि मागच्या बाजूला एक अक्षर नाही. त्यातल्या फेटेवाल्या दोघांना ओळखणारं आता आमच्याकडे कोणी उरलेलं नाही. आजी होती तेव्हा विचारलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

तुझी आजी आहे. तेव्हा ग्रुपवर टाकायचा मजकूर शाळेच्या फोटोखाली असतो तसा लिही: 'बसलेले, डावीकडून', मग 'उभे, डावीकडून', मग 'मागची रांग'. प्रत्येकाचं पूर्ण नाव, आजीशी नातं आणि तेव्हाचं गाव. खाली तारीख, मुहूर्त, कार्यालयाचं नाव. लहान मुलांची घरातली टोपणनावंही इथे चालतील. बाहेरच्या मजकुरात मात्र नवरीचं टोपणनाव तिला विचारल्याशिवाय नको. तिच्या ऑफिसातले लोक आणि सासरचे, दोघेही ते वाचणार असतात आणि पुढे तेच नाव चिकटतं.

नावं लिहिताना रांगेच्या क्रमाने गेलीस तर मानापमान होत नाही. मनाने आठवत गेलं की कोणीतरी सुटतंच. मी एका पुतण्याच्या लग्नानंतर अशीच आठवून आठवून नावं लिहिली आणि एक आत्या राहिली, जिने चार दिवस कोठीघर सांभाळलं होतं. तिने काही म्हटलं नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तेव्हा तिच्या सुनेने सांगितलं की त्यांनी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला होता. तेव्हापासून मी फोटोवर बोट ठेवून, एकेक चेहरा मोजून नाव लिहिते, आणि शेवटी चेहरे आणि नावं यांचा आकडा जुळतो का ते बघते.

फोन बदलतात, ग्रुप बंद पडतात, आणि फोटो फोनमध्ये उतरवून घेतला की खाली लिहिलेलं सोबत येत नाही. म्हणून त्या फोटोची एक प्रत छापून घे आणि मागे मऊ पेन्सिलने हीच नावं लिही. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. प्रत आजीकडे ठेवायला मामाकडे पाठव.

टाकायच्या आधी दोन फोन कर. पहिला नवरीला. तिने स्वतः लग्नाचा फोटो टाकला आहे का ते विचार, नसेल टाकला तर तिची वाट बघ. दोन आठवडे थांबलीस, आणखी दोन दिवसांनी काही बिघडत नाही. तिला मजकूर वाचून दाखव आणि नवऱ्याच्या नावाचं लिखाण बरोबर आहे ना तेही तिच्याकडूनच तपासून घे.

दुसरा फोन मेलबर्नला. तांदळाची गोष्ट बाहेर सांगू का, हे त्याला विचार. त्याच्यासाठी ती मध्यरात्रीची, एकट्याने केलेली गोष्ट होती. तो नको म्हणाला तर त्या ओळीच्या जागी 'मेलबर्नहून दादाच्या अक्षता' एवढेच शब्द ठेव. फोन करताना घड्याळ बघ, आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे त्याचे दोन वाजलेले असतात.